ऐनवेळी प्रमुख पाहुण्यांचा परिचय करायला सांगितला तर? नव्या लिपिकांसाठी

नोकरीत नवीन लागलेल्याच्या गळ्यात ही माळ कधी ना कधी पडतेच. ज्यांनी परिचय करायचा ठरलेलं असतं ते साहेब तिकडं जिल्ह्याच्या बैठकीत अडकतात, इकडं पाहुणे चहा पीत बसलेले असतात. मग मोठे साहेब सभागृहाच्या दारातून नजर फिरवतात आणि ज्याचे हात रिकामे दिसतील त्याला म्हणतात, "तू कर रे परिचय."

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या पंचायत समितीत मी आस्थापनेचं टेबल सांभाळते. ऑफिसातल्या जयंत्या आणि राष्ट्रीय सणांचे कार्यक्रमही बहुतेक माझ्याकडेच येतात. त्यामुळं अशी माळ पडलेले बरेच चेहरे जवळून पाहिलेत. त्यातल्या एकाची गोष्ट पायरीपायरीनं सांगते. बारनिशीवर बसणारा आमचा कनिष्ठ सहायक, नोकरीला जेमतेम चार महिने झालेले. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन होऊन मंडळी सभागृहाकडं वळत होती आणि त्याला निरोप मिळाला. हातात होती पंचवीस मिनिटं.

माझ्या टेबलाशी आला तेव्हा कपाळाला घाम. "ताई, माझंच नाव कामून घेतलं साहेबांनी? मला चार माणसांत बोलता येत नाही."

"बोलायला कोण सांगायलंय? वाचायचं हाय," मी म्हणलं. "बस खाली."

हाताशी काय लागतं

- पाहुण्यांना पाठवलेल्या निमंत्रण पत्राची स्थळप्रत
- कार्यक्रम पत्रिका
- पाहुण्यांनी पाठवलेला अल्पपरिचय (छापील असो की मोबाइलवर आलेला)
- दोन जाड कोरे कागद आणि गडद शाईचा पेन
- क्लिपचं पॅड किंवा फाइलचा कडक पुठ्ठा
- पाण्याची बाटली

फ्लेक्सवरचं नाव या यादीत नाही, आणि ते मुद्दाम गाळलंय. फ्लेक्स करणाऱ्यानं ते फोनवर ऐकून टाइप केलेलं असतं.

१. आधी सूत्रसंचालकाला गाठा

कागद-पेन हातात घेण्याआधी सूत्रसंचालकाकडं जाऊन तीन गोष्टी विचारून घ्या. परिचय सत्काराच्या आधी की नंतर? वेळ किती? आणि परिचय झाल्यावर पाहुण्यांना भाषणाला कोण बोलावणार, तुम्ही की ते?

तिसरा प्रश्न फालतू वाटतो, पण घोळ नेमका तिथंच होतो. परिचय करणारा "मी त्यांना विनंती करतो की" म्हणून मोकळा होतो आणि सूत्रसंचालकाच्या हातात चारोळी तयारच असते. पाहुणे अर्धे उठतात, चारोळी सुरू झालेली बघून परत बसतात, परत उठतात.

आणखी एक सापळा. काही सूत्रसंचालकांना सत्काराच्या वेळीच पाहुण्यांचं सगळं चरित्र सांगून टाकायची हौस असते. मग तुम्ही उभे राहिलात की सांगायला उरतं काय? सत्काराला नुसतं नाव घ्या, बाकी माझ्याकडं ठेवा, असं स्पष्ट बोलून घ्या. आमच्याकडं सूत्रसंचालन एका केंद्रप्रमुख सरांकडं होतं. बारनिशीवाला त्यांच्यापुढं जायला बिचकत होता, म्हणून मीच त्याच्यासोबत गेले. सर म्हणाले, "दोन मिनिटांच्या वर जाऊ नको बाबा, लेकरं उन्हात उभी होती सकाळपासून."

दोन मिनिटं म्हणजे सावकाश वाचलं तर सव्वादोनशेच्या आसपास शब्द. पहिल्यांदा करणाऱ्यानं याच्या निम्मेच लिहावेत. भीतीनं माणूस भरभर वाचेल असं वाटतं, पण व्यासपीठावर गेल्यावर खाकरण्यात, पान सावरण्यात आणि टाळ्यांत वेळ जातोच.

२. कागदावरची माहिती तपासून घ्या

त्या दिवशीच्या पाहुण्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांचा अल्पपरिचय चार पानी होता. पदव्या, शोधनिबंध, चर्चासत्रं, पुरस्कार, समित्या. आमच्या पोरानं त्यावरून पहिलंच वाक्य लिहिलं ते असं: "मॅडमनी १९८१ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. केले."

परिचयात नांदेड असं लिहिलेलं होतं, म्हणून त्यानं आजच्या नांदेडच्या विद्यापीठाचं नाव जोडलं. पण ते विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. त्याआधी नांदेड-लातूरकडची कॉलेजं १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. त्याच विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. म्हणजे १९८१ ची पदवी नांदेडच्या कॉलेजात शिकून मिळालेली असली, तरी ती तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाची. समोर शिक्षक बसलेले, त्यातल्या निम्म्यांच्या गुणपत्रिकांवर हीच नावं. असली चूक सभागृहात लगेच पकडली जाते आणि मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते.

उपाय दोन आहेत. एक तर तुमच्याकडून काहीही न जोडता कागदावर आहे तेवढंच वाचा. नाहीतर पदवीचा उल्लेखच गाळा. मी दुसऱ्या उपायाची. नावाआधी 'डॉ.' लागलं की शिक्षण झालेलं आहे हे लोकांना कळतं.

जिल्ह्यांच्या नावांचंही असंच. जुन्या परिचयात औरंगाबाद आणि उस्मानाबाद असेल, आता सरकारी कार्यक्रमात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव म्हणायचं. गावाच्या नावापुढं बुद्रुक की खुर्द हे बघून घ्या, तालुकाही बघा. आपल्याकडं पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते बारनिशीवर बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको, त्याची निम्मी टपालं त्यापायीच परत येतात.

मोबाइलवर पाहुण्यांचं नाव शोधून माहिती उचलायची असेल तर फार जपून. त्याच नावाच्या दुसऱ्याच बाईंचे पुरस्कार तुमच्या पाहुण्यांच्या गळ्यात पडतात. आणि पाहुणे सज्जन असतील तर भाषणाची पहिली दोन मिनिटं ते परत करण्यात घालवतात.

३. पाहुण्यांनाच जाऊन विचारा

नवीन माणूस ही पायरी हमखास टाळतो. एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं, त्यांना काय वाटेल? पण स्वतःचा परिचय चुकीचा झालेला ऐकण्यापेक्षा आधी पाच मिनिटं बोललेलं कुणालाही चालतं.

आमचा पोरगा साहेबांच्या केबिनच्या दाराशी घुटमळत होता. चहाचा ट्रे घेऊन आत निघालेल्या मावशींनी त्याला कोपरानं पुढं ढकललं. "मॅडम, हे आमचे भाऊसाहेब. तुमच्याबद्दल बोलनार हायत." आता माघार घेता येईना.

विचारायचे प्रश्न पाचच:

- नाव कसं घ्यायचं? पूर्ण, की वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव न लावता?
- आता कोणत्या पदाचा उल्लेख करू? (निवृत्त झालेल्यांना "प्राचार्य आहेत" म्हणणं हा नेहमीचा घोळ.)
- आज कशावर बोलणार आहात?
- आमच्या भागाशी तुमचा काही संबंध आलाय का?
- काय सांगू नको?

पहिल्या प्रश्नाला मॅडम म्हणाल्या, "नुसतं नाव आणि आडनाव." पत्रिकेवर आम्ही मधलं नावही छापलं होतं. शेवटच्या प्रश्नावर त्या हसल्या. "पुरस्कार सांगू नका. लोकांना ते ऐकताना झोप येते आणि मला लाज."

खरं सोनं सापडलं ते चौथ्या प्रश्नात. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी त्या टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरायच्या. मुक्तिसंग्रामाच्या काळात ज्या बायांनी निरोप पोचवले, भाकरी पोचवल्या, माणसं लपवली, त्यांच्या आठवणी त्यांनी टेप करून ठेवल्या होत्या. आमच्या तालुक्यातल्या तीन गावांत त्या त्यासाठी येऊन गेल्या होत्या. चार पानी परिचयात याचा उल्लेख एका ओळीत होता, "मौखिक इतिहासाचे संकलन" एवढाच. तीन गावांचं तर नावही नव्हतं.

पोरानं गावांची नावं तळहातावर लिहून घेतली. कागद नेला नव्हता. तुम्ही न्या.

पाहुणे उशिरा येणार असतील तर हेच प्रश्न फोनवर विचारता येतात. पाहुणे गाडीत असतील तर आधी सोबतच्या माणसाला फोन लावा.

४. आता कात्री चालवा

केबिनमधून परत आल्यावर त्यानं लिहायला घेतलं आणि सुरुवात केली थेट १५ ऑगस्ट १९४७ पासून. देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान झालं नाही. मग रझाकार, मग स्वामी रामानंद तीर्थ, मग १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलीस कारवाई, १७ तारखेची निजामाची शरणागती. शिवाय बदनापूरकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यावर एक परिच्छेद, कारण मॅडम त्यांच्याबद्दल बोलणार आहेत असं त्यानं नुकतंच ऐकलं होतं. पान भरलं, तरी मॅडमचं नाव काही आलं नव्हतं.

यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण ते सगळं पाहुण्यांचं भाषण होतं. त्या ज्या विषयावर अर्धा तास बोलणार, त्याचा सारांश आपण दोन मिनिटांत आधीच सांगून टाकला तर त्यांनी उभं राहून काय सांगायचं? आणि दिवसाचं महत्त्व प्रास्ताविकात येऊन गेलेलं असतंच.

"हे सगळं काढू?" त्यानं विचारलं. चेहरा असा, की मी त्याची किडनीच मागितली.

"काढ. मॅडमनी सांगू दे. तू फक्त इतकं सांग की हे सांगायचा हक्क त्यांना कसा आला."

परिचयाचं खरं काम एवढंच असतं. आज, इथं, या विषयावर आपण याच माणसाचं का ऐकायचं? त्याला लागेल तेवढं ठेवायचं, बाकीचं कितीही भारी असलं तरी काढायचं. तालुक्यातल्या शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांचा आकडा ऐकून काहीच होत नाही. आपल्या शेजारच्या गावात या बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या होत्या हे कळलं की मान वर होते.

विशेषणंही इथंच काढून टाका. "थोर विचारवंत, अभ्यासू व्यक्तिमत्त्व, ज्यांच्या परिचयाची गरज नाही असे" हे प्रत्येक पाहुण्याला बसतं, म्हणजे कुणालाच बसत नाही. त्यातही परिचय करायला उभं राहून परिचयाची गरज नाही म्हणणं मला तरी कधी पटलेलं नाही.

५. मजकूर असा बसवा

क्रम सोपा आहे. एका ओळीत नमस्कार, मग काम, मग आपल्या भागाशी धागा, आणि अगदी शेवटी नाव. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घेत बसू नका. ते सूत्रसंचालकानं घेतलेलं असतं, आणि तुमच्या तोंडून एक जरी सुटलं तरी ते साहेब वर्षभर लक्षात ठेवतात.

नाव शेवटी ठेवायचं कारण व्यवहारी आहे. नाव आलं की लोक टाळ्या वाजवतात. सुरुवातीलाच घेतलं तर टाळ्या तिथंच संपतात आणि शेवटी तुम्ही काय म्हणून थांबायचं हे कळत नाही.

आमच्या पोराचा शेवटचा मजकूर हा:

> व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या सर्वांना माझा नमस्कार.
>
> आजच्या आपल्या पाहुण्यांनी चौतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. पण सुट्टीच्या दिवशी त्या घरी बसल्या नाहीत. टेपरेकॉर्डर घेऊन त्या मराठवाड्यातल्या गावागावांत गेल्या.
>
> मुक्तिसंग्रामात ज्या बायांनी निरोप पोचवले, भाकरी पोचवल्या, माणसं लपवली, त्यांच्यासमोर त्या बसल्या. त्या बायांनी जे सांगितलं ते त्यांच्याच बोलीत टेप करून ठेवलं. त्यातल्या बहुतेक जणी आज हयात नाहीत.
>
> आपल्या तालुक्यातल्या तीन गावांतही त्या येऊन गेल्या आहेत. (इथं गावांची नावं.)
>
> तिथं त्यांनी काय ऐकलं, ते आज त्या आपल्याला सांगणार आहेत.
>
> इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक, डॉ. (नाव आणि आडनाव).

वाचायला एक मिनिट लागतं, फार तर सव्वा. सरांनी दिलेली दोन मिनिटं पूर्ण वापरायची सक्ती नसते. "त्यातल्या बहुतेक जणी आज हयात नाहीत" हे वाक्य त्याला मॅडमनीच सांगितलेलं होतं. असं वाक्य अंदाजानं लिहू नका.

६. कागद आणि माईक

हात थरथरतो तेव्हा पातळ कागद माईकसमोर फडफडतो आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून कागद पॅडला लावा. अक्षर रोजच्या दुप्पट मोठं, एका ओळीत एकच वाक्य, दोन ओळींत भरपूर जागा. वाक्य पानाच्या तळाशी तुटता कामा नये. आकडे अक्षरात लिहा, "चौतीस", "एकोणीसशे अठ्ठेचाळीस". घाबरलेल्या माणसाला आकडा दिसला की तो आधी मनात मोजतो. नाव लाल पेनानं, आणि जिथं थांबायचं तिथं आडवी रेघ.

पहिलं वाक्य पाठ करा. फक्त पहिलंच. ते वर बघून म्हणता आलं की आवाज लागतो, नंतर खाली बघून वाचलं तरी चालतं. नाव आणि गावांची नावं मात्र दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघा. मनातल्या मनात म्हणलेलं मोजू नका, जीभ अडते ती मोठ्यानं म्हणतानाच.

माईकचं सांगायचं तर तोंडापासून चार-पाच बोटं लांब ठेवा, बोटांनी ठकठक करू नका, "हॅलो हॅलो" तर नकोच. उंची जमत नसेल तर वाकू नका, माईकवाल्याकडं बघा, तो येऊन नीट करतो. शिट्टी वाजायला लागली तर एक पाऊल मागं घ्या आणि स्पीकरकडं माईकचं तोंड होऊ देऊ नका. घसा कोरडा पडतो, म्हणून पाणी आधी दोन घोट. चहा नको.

७. व्यासपीठावर

पुकारा झाल्यावर त्यानं जाताना ठेच खाल्ली नाही, एवढंच बघून मला बरं वाटलं. पहिलं वाक्य नीट आलं. टेपरेकॉर्डरच्या वाक्यापर्यंत पोचला आणि लाइट गेली. आमच्या सभागृहाच्या इन्व्हर्टरवर दोन ट्यूब आणि चार पंखे चालतात, साउंड चालत नाही.

लाइट गेली तर काय करायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो खाली उतरला नाही. अशा वेळी गप्प उभं राहायचं आणि मनात दहा मोजायचे. जनरेटर लागला तर ठीक. नाही लागला तर माईकच्या पुढं दोन पावलं यायचं आणि जिथं थांबलो त्याच वाक्यापासून मोठ्यानं सुरू करायचं. पहिल्यापासून सुरू करायचं नाही, माफी मागायची नाही, लाइटवर विनोद तर अजिबात नाही. त्यानं गावांची नावं बिनमाईकची घेतली. दुसऱ्या गावाचं नाव आल्यावर मधल्या रांगेतून कुणीतरी "आमचं गाव!" म्हणून ओरडलं. पोरगा गांगरला, पण बोट ओळीवर होतं म्हणून जागा चुकली नाही. बोट ओळीवर ठेवा हे लिहायचं राहिलंच होतं, ते इथं आलं.

नाव घेताना पाहुण्यांकडं वळा. नंतर टाळ्या थांबेपर्यंत तिथंच उभे राहा, मग बाजूला व्हा. टाळ्या सुरू असताना पळणारे मी खूप बघितलेत, पाठमोरे आणि अर्धवट वाकलेले. फोटोत तेच येतं.

८. कार्यक्रम झाल्यावर

कागद फेकू नका. कार्यक्रम संपला की स्थानिक वार्ताहर नावं विचारायला येतात, आणि बातमीत पाहुण्यांचं नाव चुकीचं आलं तर दुसऱ्या दिवशी फोन ऑफिसालाच येतो. तुमच्या कागदाचा फोटो त्यांना काढू द्या, लाल पेनातलं नाव स्वच्छ दिसतं. त्यानंतर तो कागद निमंत्रणाच्या स्थळप्रतीला टाचून कार्यक्रमाच्या फाइलला लावा. आभाराचं पत्र पाठवताना नाव आणि पद त्यावरूनच उचलायचं, पत्रिकेवरून नाही.

आमच्या पोरानं एक काम आणखी केलं. गावाचं नाव ऐकून ओरडलेले ते ग्रामपंचायतीचे शिपाई होते. त्यांच्या आजीला मॅडम भेटल्या होत्या का, हे त्यांना विचारायचं होतं. यानं त्यांना जेवणाच्या वेळी मॅडमकडं नेलं आणि स्वतः वाढप्यांना सांगून दोन खुर्च्या मांडून दिल्या. मॅडमनी डायरी काढली आणि आजीचं नाव विचारलं.